पडवीतून माजघरात

*मी देवगडची. आंब्याची शेवटची पेटी गेली की पावसाळाभर आमच्याकडे तसं काम नसतं, आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून वाचायला वेळही आहे. इंग्रजी बऱ्यापैकी वाचते. पुण्याच्या सुनेने 'डिस्कवर्ल्ड' वाचाच म्हणून आग्रह धरलाय. बघते तर ४१ पुस्तकं! पहिलं 'द कलर ऑफ मॅजिक' आणलं, साठ-सत्तर पानं रेटली आणि ठेवून दिलं. ह्यांचं आणखी वेगळंच. ह्यांना ॲगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो वाचायचाय, आणि म्हणतात, कुठलंही उचल, काय फरक पडतो? मालिका पहिल्या पुस्तकापासूनच धरावी की मधलं एखादं सुटं पुस्तक घ्यावं? की मी हट्टाने हे पहिलंच पुरं करू?*
*— एक वाचक, देवगड*

हट्ट नको. 'द कलर ऑफ मॅजिक' कपाटात ठेवून द्या आणि निदान दिवाळीपर्यंत बाहेर काढू नका. तुमचं इंग्रजी कमी पडलं असं मनात आलं असेल तर तेही काढून टाका. त्या पुस्तकावर अडखळलेले वाचक मी बरेच पाहिलेत, आणि त्यांतले काही आज या मालिकेचा लेखक टेरी प्रॅचेट याची पारायणं करतात.

अडखळायला कारण आहे. हे पुस्तक १९८३ सालचं. त्या काळी इंग्रजीत अद्‌भुत कादंबऱ्यांचं जे पीक आलं होतं त्याची त्यात टवाळी आहे. तलवारबहाद्दर रानटी वीर, भुरट्या चोरांची जोडगोळी, ड्रॅगनवर स्वार होणारे सरदार, देवळात दबा धरून बसलेलं नाव न घेण्याजोगं काहीतरी, अशा एकेका प्रकाराला चिमटे काढत पुस्तक पुढे जातं. मूळ माल वाचलेला नसेल तर चिमटा कुणाला बसला ते कळत नाही. दशावतारात संकासुर मालवणीत टोले हाणतो तेव्हा गाव लोळतो, आणि मुंबईहून आलेला पाहुणा शेजारच्याकडे बघून उशिरा हसतो. तुमचं त्या साठ-सत्तर पानांत तेच झालं.

दुसरी गोष्ट अशी की हे पहिलं पुस्तक धड संपतही नाही. चार लांबलचक प्रकरणं आहेत आणि शेवटी नायक अक्षरशः अधांतरी राहतो. पुढची हकीकत १९८६ च्या 'द लाइट फँटॅस्टिक'मध्ये येते. म्हणजे 'पहिलं' म्हणून घेतलेलं पुस्तक हा जोडपुस्तकाचा अर्धा भाग निघतो. आणि ज्या गोष्टींसाठी सूनबाईंनी आग्रह धरला असणार त्या तिथे नीटशा आलेल्याच नाहीत. आंख-मॉरपॉर्क हे शहर आहे, पण त्याचा शहरपती पाहा: पहिल्या पुस्तकात तो जाडजूड आणि साखरेत घोळवलेले जेलीफिश चघळणारा. पुढच्या पुस्तकांतला काटकुळा, काळ्या कपड्यांतला, मोजकं बोलणारा व्हेटिनारी ओळखणाऱ्याला हा कोण बुवा असा प्रश्न पडतो. काळदूतही तसाच. पहिल्या पुस्तकात तो खुनशी वाटतो. नंतर माणसांविषयी कुतूहल असलेला, मांजरांवर जीव असलेला असा होतो. लेखकाचा हातच अजून बसायचा होता. मालिका जिथून छापायला सुरुवात झाली तिथूनच ती चांगली व्हायला सुरुवात झाली असेल, असं काही नसतं.

मग कुठून? आधी घराचा नकाशा पाहू. ४१ पुस्तकांची ही एकच लांब गोष्ट नाही. एकाच जगात राहणाऱ्या पाच-सहा कुटुंबांच्या निरनिराळ्या गोष्टी आहेत, वाडीत भाऊबंदांची घरं असतात तशा. पळपुट्या जादूगाराची एक शाखा, चेटकिणींची एक, काळदूताची एक, आणि शहराच्या रखवालदारांची एक. शिवाय कुठल्याच शाखेत न बसणारी दोन-चार पुस्तकं. सगळ्यांखाली जग मात्र एकच: अथांग पोकळीत पोहणारं कासव, त्याच्या पाठीवर चार हत्ती, हत्तींच्या पाठीवर थाळीसारखी सपाट पृथ्वी. इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगावं लागतं. कूर्म आणि दिग्गज ऐकत वाढलेल्या आपल्याला ते ओळखीचंच वाटतं.

शाखा असल्या की पहिल्या क्रमांकाचा बाऊ करण्याचं कारण उरत नाही. प्रश्न एवढाच राहतो की कोणती शाखा, आणि त्या शाखेचं पहिलं पुस्तक कोणतं.

तुमच्या घरात एकाला पॉयरो वाचायचाय, त्यामुळे मी तुम्हाला रखवालदारांकडे पाठवीन. ही शाखा अद्‌भुत आणि गुन्हेगारी या दोहोंच्या सीमेवर आहे. एकूण आठ पुस्तकं, आणि सुरुवात मालिकेतल्या आठव्या पुस्तकाने होते: 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!', १९८९. शहराची रात्रीची गस्त इतकी निकामी झालीय की चोरांचाही अधिकृत संघ आहे आणि चोरीची पावती मिळते. गस्तीचा कप्तान व्हाइम्स पुस्तकात पहिल्यांदा दिसतो तो दारू पिऊन गटारात पडलेला. त्यात डोंगरातून एक उंचापुरा, कमालीचा प्रामाणिक पोरगा भरती व्हायला येतो आणि कायद्याचं पुस्तक अक्षरशः खरं मानून चालायला लागतो. दुसरीकडे एक गुप्त मंडळ ड्रॅगन बोलावण्याचा घाट घालतं. ही माणसं कोण, शहर कसं चालतं, विनोद कुठल्या जातीचा, हे सगळं या पुस्तकात सुरुवातीपासून दाखवलंय, कारण लेखकालाही ती माणसं तिथेच पहिल्यांदा भेटताहेत. शाखेतलं पहिलं पुस्तक घ्यायचं ते एवढ्यासाठी.

त्यानंतर मात्र क्रम मोडू नका. 'मेन ॲट आर्म्स' (१९९३), 'फीट ऑफ क्ले' (१९९६), 'जिंगो' (१९९७), 'द फिफ्थ एलिफंट' (१९९९), 'नाइट वॉच' (२००२), 'थड!' (२००५) आणि 'स्नफ' (२०११). मधे इतर शाखांची कितीही पुस्तकं वाचा, पण हे आठ याच ओळीत.

का, ते 'फीट ऑफ क्ले'वरून सांगतो, कारण सुटं पुस्तक म्हणून कुणीही तुमच्या हातात देईल असं ते आहे. शहरपतीवर कुणीतरी सोमल घालतंय. जेवण तपासलं, ताटं-भांडी तपासली, भिंतीचा हिरवा कागददेखील तपासला, आणि तरी विष रोज त्याच्या अंगात जातंच आहे. कोडं चोख आहे, पुस्तकातच सुरू होतं आणि पुस्तकातच सुटतं. मागचं काही न वाचता तुम्ही ते सोडवायला बसू शकता. या अर्थाने ते स्वतंत्र आहेच. पण त्याच्या आधीच्या 'मेन ॲट आर्म्स'मध्ये गस्तीत भरती झालेल्या एका नव्या शिपायाबद्दलची एक गोष्ट लेखक बराच वेळ दडवून ठेवतो आणि वाचकाला मुद्दाम भलत्याच वाटेला लावतो. 'फीट ऑफ क्ले'मध्ये ती गोष्ट सगळ्यांना ठाऊकच आहे असं धरून पहिल्यापासून बोलणं चालतं. तुम्ही उलट क्रमाने गेलात तर सोमलाचं कोडं शाबूत राहील, पण दोन वर्षांनी 'मेन ॲट आर्म्स' उघडाल तेव्हा त्यातली गंमत आधीच सांडलेली असेल.

थोडक्यात, 'सुटं' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि पुस्तकाची शिफारस करणारे त्यातला एकच सांगतात. या पुस्तकाला मागच्यांची गरज नाही, हा एक अर्थ. हे पुस्तक मागच्यांचं काही फोडत नाही, हा दुसरा. पहिल्या अर्थाने सुटी पुस्तकं ढिगाने मिळतात. दुसऱ्या अर्थाने सुटं पुस्तक दुर्मीळ असतं.

'नाइट वॉच'बद्दल वेगळं बजावतो, कारण कुणाला 'प्रॅचेटचं सर्वांत चांगलं कोणतं' विचारलं की बरेचजण हेच नाव घेतात. माझंही उत्तर तेच आहे. आणि सुरुवात करायला ते सर्वांत वाईट आहे. त्यात व्हाइम्स तीस वर्षं मागे, आपल्याच उमेदवारीच्या काळातल्या शहरात जाऊन पडतो. आता तो कोण झालाय, त्याच्यामागे घरी काय आहे, मागे राहिला तर काय गमावेल, याचं वजन आधीची पुस्तकं वाचलेल्यालाच जाणवतं. न वाचलेल्याला ती एक बरी साहसकथा वाटते. सर्वांत चांगलं पुस्तक आणि सुरुवातीचं पुस्तक यांची गल्लत करू नका. पाहुण्याला आधी पडवीत बसवतात, पाणी-गूळ देतात. थेट माजघरात नेऊन घरातल्या जुन्या दुखण्यांबद्दल बोलत नाहीत.

खरोखरच दोन्ही अर्थांनी सुटं, असं या मालिकेत मला एक नाव छातीठोकपणे सांगता येतं: 'स्मॉल गॉड्‌स', १९९२, मालिकेतलं तेरावं. नेहमीच्या शाखांमधली मंडळी यात नाहीत. काळदूत तेवढा येऊन जातो, पण तो कुठे येत नाही? ओम नावाचा मोठा देव पृथ्वीवर येतो आणि एका कासवाच्या देहात अडकून पडतो. शक्ती सगळी गेलेली. कारण या जगात देवाचं बळ भक्तांच्या श्रद्धेवर असतं, आणि एवढं थोरलं देवस्थान, एवढे पुजारी असूनही खरी श्रद्धा असलेला माणूस एकच उरलाय: मठातला एक साधाभोळा, पण ऐकलेलं-पाहिलेलं काहीही न विसरणारा उमेदवार. ज्या मुलखात गावचा देव गाऱ्हाणं ऐकतो, कौल देतो आणि वेळप्रसंगी त्याच्याशी भांडताही येतं, तिथल्या वाचकाला हे पुस्तक पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा लवकर कळेल असं मला नेहमी वाटतं. प्रॅचेट आपल्याला मानवतो की नाही, हीच शंका असेल तर आधी हे घ्या. एकाच पुस्तकात निकाल लागेल, आणि नाही आवडलं तरी पुढचा कुठलाही धागा तुटणार नाही.

आता ह्यांच्याकडे वळू. त्यांचं म्हणणं नव्वद टक्के खरं आहे, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत घात आहे.

आपल्या पिढीला ही सवय बाबूराव अर्नाळकरांनी लावली. झुंझार, धनंजय-छोटू, काळा पहाड: हजारावर पुस्तकं, वाचनालयात जे हाती लागेल ते न्यायचं. क्रम विचारायचा प्रश्नच नव्हता. नायकाला भूतकाळ नव्हता, त्यामुळे फुटण्यासारखं काही नव्हतं. पॉयरोही वरवर पाहता त्याच जातीचा. १९२० मध्ये तो पहिल्यांदा आला तोच बेल्जियन पोलिसांतून निवृत्त होऊन, आणि नंतर पन्नास वर्षं तो तसाच, मिशा तशाच. ३३ कादंबऱ्यांत त्याच्या आयुष्यात फारसं काही घडत नाही. म्हणून कुठलंही उचला हे खरं.

पण ॲगाथा ख्रिस्तीबाईंना एक खोड होती. पॉयरोला बढाई मारायला आवडतं, आणि बढाई मारताना तो जुन्या प्रकरणांबद्दल बोलून जातो. 'कार्ड्‌स ऑन द टेबल' (१९३६) मध्ये एक प्रसंग आहे, त्यातल्या एका वाक्यात 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' (१९३४) चं सगळं मर्म आहे. 'डम विटनेस' (१९३७) त्याहून वाईट. तिथे पॉयरो, सभ्य आणि लाघवी दिसणारी माणसंसुद्धा खुनी निघतात हे पटवताना, आधीच्या चार पुस्तकांतल्या चार खुन्यांची नावं एका दमात घेतो. 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स', 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड', 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' आणि 'डेथ इन द क्लाउड्‌स'. वाचणाऱ्याने ती चार वाचली नसतील तर त्या क्षणी नावं नुसती कानावरून जातात. घात नंतर होतो.

माझा झाला. कॉलेजात असताना एका फिरत्या वाचनालयातून, मुखपृष्ठ गेलेलं 'कार्ड्‌स ऑन द टेबल' आणलं होतं. ते एक वाक्य वाचलं, पुढे गेलो. बऱ्याच वर्षांनी रत्नागिरीहून मुंबईला निघालो तेव्हा मुद्दाम आगगाडीत वाचायला म्हणून 'ओरिएंट एक्सप्रेस' बरोबर घेतलं. डब्यात मधल्या बाकावर पडून वाचतोय, बर्फात अडकलेल्या गाडीत खून झालाय, पॉयरो एकेकाला बोलावून विचारतोय, आणि अगदी अचानक ते जुनं वाक्य आठवलं. चिपळूणसुद्धा आलं नव्हतं. उरलेला प्रवास खिडकीतून बाहेर बघत केला.

म्हणून ह्यांना एवढंच सांगा: 'रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) आणि 'ओरिएंट एक्सप्रेस' ही दोन आधी संपवा, पहिल्या महिन्यातच. ती दोन अशी आहेत की पुस्तकाने नाही फोडलं तर एखादा पाहुणा जेवताना फोडेल. 'कार्ड्‌स' आणि 'डम विटनेस' त्यानंतर. 'डम विटनेस'च्या आधी वरची चारही झालेली असली तर उत्तम. 'कर्टन' सर्वांत शेवटी. ते पुस्तक बाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून कुलपात ठेवलं होतं, छापलं १९७५ मध्ये, आणि त्यात पॉयरो पुन्हा स्टाइल्सच्या त्याच घरात येतो. म्हणून 'स्टाइल्स' वाचल्याशिवाय 'कर्टन' नको. बाकी सगळी हवी तशी, पत्ते पिसून वाचली तरी चालतील.

जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर घेणार असतील तर आणखी एक: अमेरिकन आवृत्त्यांना नावं वेगळी असतात. 'मर्डर इन द कॅले कोच' म्हणजे 'ओरिएंट एक्सप्रेस'च, 'पॉयरो लूजेस अ क्लाएंट' म्हणजे 'डम विटनेस', 'डेथ इन दि एअर' म्हणजे 'डेथ इन द क्लाउड्‌स'. नवं समजून तेच पुस्तक दोनदा आणलेले गृहस्थ मला माहीत आहेत, आणि दुसऱ्यांदा चाळीस पानं वाचेपर्यंत त्यांना पत्ता लागला नव्हता, ते सोडा.

पुढे कधी तिसरीच एखादी मालिका समोर आली आणि विचारायला कुणी नसलं तर मी करतो ते करून पाहा. मधलं जे पुस्तक हाती आलं असेल त्याची पहिली वीस पानं पेन्सिल घेऊन वाचायची. मागचा उल्लेख आला की थांबायचं आणि बघायचं, लेखक माणसाची अवस्था सांगतोय की एखाद्या गोष्टीचा निकाल. 'त्याचं बायकोशी पटत नव्हतं', 'तो पूर्वी सैन्यात होता', ही अवस्था. ती कळून काही बिघडत नाही. 'त्या बंगल्यातल्या प्रकरणात भावानेच दगा दिला होता', 'तिला त्याने तेव्हा वाचवलं', हा निकाल. वीस पानांत असे दोन निकाल आले की पुस्तक बंद करायचं आणि त्या शाखेचं पहिलं शोधायचं. पहिल्याच पानांत पाच-सात माणसं ओळख न करून देता आत आली आणि लेखक त्यांच्याशी जुनी घसट असल्यासारखा वागला, तरीही तेच. ही परीक्षा दर वेळी उपयोगी पडत नाही. पॉयरोचं ते एक वाक्य पहिल्या वीस पानांत सापडलं नसतं. पण गुप्तहेराचं घर, संसार, व्यसन, बढती हे जिथे पुस्तकागणिक पुढे सरकतं, तिथे ती सहसा फसत नाही.

जिथे अशी निवडच नाही, अशा मालिकाही आहेत. 'द व्हील ऑफ टाइम'चे १४ खंड १९९० ते २०१३ दरम्यान आले. ती एकच गोष्ट चौदा तुकड्यांत कापलेली आहे आणि पहिल्या खंडाला पर्याय नाही. तिचा पूर्वरंग म्हणून 'न्यू स्प्रिंग' नावाचं छोटं पुस्तक दुकानात दिसेल, काळाने सगळ्यांच्या आधीचं. ते घेऊ नका. ते २००४ मध्ये, दहा खंड येऊन गेल्यावर छापलंय आणि त्या दहांच्या वाचकासाठी लिहिलंय. कथेतला काळ आधीचा, म्हणून पुस्तक आधी वाचायचं, ही फसगत फार जणांची होते. शंका आली की छपाईचं साल बघायचं.

संच मात्र मागवू नका, सूट कितीही असो. जूनमध्ये कोकणात एवढी पुस्तकं घरात आणणं म्हणजे बुरशीला आवतण. सध्या 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!' आणि 'स्मॉल गॉड्‌स' ही दोनच मागवा, आणि ह्यांच्यासाठी 'रॉजर ॲक्रॉइड'. प्रॅचेटच्या बऱ्याच पुस्तकांना प्रकरणं नसतात, तर थांबायला जागा शोधत बसू नका. ओळ सोडून नवा प्रसंग सुरू होतो तिथे खूण घालायची. तळटीपा सोडू नका, निम्मा विनोद तिथे आहे.

आणि सूनबाई गणपतीला आल्या की त्यांना एवढंच विचारा, 'द कलर ऑफ मॅजिक' त्यांनी स्वतः कितवं वाचलं होतं.